मानवाधिकार संस्थेच्या इंटर्नशिपसाठी कव्हर लेटर

"मी वणीजवळच्या खेड्यातली, एलएलबी झालंय. संयुक्त राष्ट्रांच्या करार-समित्यांपुढे काम करणाऱ्या संस्थेला कव्हर लेटरमध्ये काय लिहू?"

गावातलं एकच काम घ्या. समजा, शेतकरी विधवांचे वारस नोंदीचे अर्ज तुम्ही तलाठ्याकडे भरून दिलेत. मग किती दिले, किती अडले आणि कशामुळे, ते लिहा. बायांची नावं मात्र गाळा. पुढच्याच वाक्यात ते सीडॉच्या, म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या, कलम 14 ला जोडा. शेतीकर्ज आणि जमीनसुधारणेत ग्रामीण स्त्रियांना समान वागणूक, हे त्यातच आहे.

'यांची तक्रार समितीकडे नेईन' असं लिहू नका. भारताने सीडॉचा ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, त्यामुळे भारताविरुद्ध वैयक्तिक तक्रार तिथे चालतच नाही. माझ्या मते या एका वाक्यावर अर्ज बाजूला पडू शकतो. तुमच्या नोंदी संस्थेच्या पर्यायी अहवालात, म्हणजे सरकारी अहवालाच्या जोडीला संस्था समितीला देते त्या अहवालात, कामी येतील, असं लिहा.