कुत्र्याला माणसांची मेलोक्सिकॅमची गोळी

प्रश्न: म्हापशात राहतो. दहा किलोचा कुत्रा लंगडतोय, आईची १५ मिलिग्रॅमची मेलोक्सिकॅम ही वेदनाशामक गोळी अर्धी देऊ का?

देऊ नका, औषध तेच असले तरी अर्ध्या गोळीत साडेसात मिलिग्रॅम येते, आणि दहा किलोच्या कुत्र्याला पशुवैद्य पहिल्या दिवशी साधारण दोन व पुढे रोज एकच मिलिग्रॅम देतात, म्हणूनच कुत्र्यांसाठीचे द्रावण वजनाच्या खुणा असलेल्या सिरिंजने मोजतात. शरीरातले पाणी कमी झाले की प्रोस्टाग्लँडिन्स ही शरीरातच बनणारी रसायने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. हे औषध नेमके तेच रोखते. त्यामुळे योग्य मात्राही उलट्या, जुलाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असताना धोक्याची ठरते, आणि स्टेरॉइड चालू असतानाही ती देऊ नये. गोव्याच्या मे महिन्यात तर पाण्याकडे विशेष लक्ष हवे. उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा खाणे सुटल्यास औषध थांबवून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.