मुलाखतीच्या व्हिडिओत नावाची पट्टी

प्रश्न: नाशिकला गोदाघाटावर मुलाखत शूट केलीय. पाहुण्यांचा सदरा पांढरा, त्यावर नाव दिसत नाही. पट्टी कुठे आणि कशी टाकू?

अक्षरं पांढरीच ठेवा, मागे ६० टक्के अपारदर्शक काळी पट्टी द्या आणि १९२० × १०८० च्या फ्रेममध्ये डावीकडून ९६, खालून ५४ पिक्सेल जागा सोडा. ही प्रत्येक बाजूची ५ टक्के जागा म्हणजे प्रसारणात ग्राफिक्ससाठी पाळली जाणारी सेफ मार्जिन. पट्टी ४० टक्केच ठेवलीत तर शुभ्र सदऱ्यावर ती फिकट करडी दिसते आणि कॉन्ट्रास्ट जेमतेम २.८ : १ उरतो, ६० टक्क्यांवर तो ५.७ च्या आसपास जातो, वाचायला ४.५ पुरतो. नुसती सावली देऊन भागवू नका, उन्हात ती विरते. पट्टीची उंची इंग्रजी टेम्प्लेटवर ठरवू नका: ‘कुलकर्णी’ लिहून बघा, वरचा रफार किंवा खालचा उकार कडेला घासला तर उंची वाढवा. टायटल कार्डलाही हेच मार्जिन, पार्श्वभूमी मात्र सपाट गडद.

मराठी सबटायटल देणार असाल तर ती तळाशीच येतात, तेव्हा पट्टी आणखी वर सरकवा. उभ्या रीलसाठी मात्र ती नव्यानेच करावी लागेल, कारण कापताना डावी बाजू जाते.