लाकडी ठसे आणि सुटे खिळे
लाकडी ठशांची छपाई आधीपासून होती, मग युरोपात ज्ञान झपाट्याने पसरलं ते सुट्या खिळ्यांमुळेच, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांमुळेच का?

खरा फरक पान छापून झाल्यावर कळतो. लाकडी ठशांत एका फळीवर अख्खं पान उलटं कोरायचं, आणि ती फळी दुसऱ्या पुस्तकाला निरुपयोगी. चीनमध्ये 971 ते 983 दरम्यान बौद्ध त्रिपिटकासाठी सुमारे 1,30,000 फळ्या कोरल्या गेल्या! जर्मनीतल्या माइंत्समध्ये गुटेनबर्गने 1450च्या सुमारास धातूचे खिळे ओतले. पान छापलं की खिळे सोडवून खणांत टाकायचे, त्यांतूनच पुढचं पान जुळवायचं. चूक सापडली तर तेवढाच खिळा बदलायचा. लॅटिन लिपीत अक्षरं थोडी, म्हणून हे परवडलं. हजारो चिन्हांच्या चिनी लिपीला मात्र फळ्याच सोयीच्या होत्या, आणि तिथे त्यांनीही पुस्तकं भरपूर पसरवली.