कॉरिडॉरमधल्या उठाबशा

ताई, मी स्टाफ नर्स आहे, वय ३६. नाइट लागली की रात्रभर पायावर. पेशंटला वर सरकवताना कंबर धरते. जिमला जायला ना वेळ, ना अंगात त्राण. मधेमधे पाच-सात मिनिटं मिळतात, ती मोबाइल बघण्यात जातात. तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये व्यायाम करून खरंच ताकद येते का? आणि लोक हसले तर?
– रात्रपाळीची सिस्टर

येते गं. माझी मावसबहीण तुझ्याच व्यवसायातली, मेडिसिन वॉर्डला. तिने हे करून पाहिलंय, म्हणून तिचीच गोष्ट सांगते.

पहिल्या रात्री बाईंनी उत्साहाच्या भरात लिफ्टसमोर एका दमात ४० उठाबशा काढल्या. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला, आणि आधीच्या पाळीकडून ओव्हर घेऊन वॉर्डात शिरली तर पेशंट वळवायला मांड्या साथ देईनात. नव्या व्यायामाचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, हे ती पेशंटना सांगायची. स्वतःला सांगायची राहिली.

तिच्या ओळखीतल्या फिजिओथेरपिस्टने मग एक गोष्ट समजावली. ताकद वाढायला सगळे सेट एकाच तासात व्हावे लागत नाहीत. आठवड्याभरात त्या स्नायूला पुरेसं जड काम मिळालं की झालं. अकरा वाजता एक सेट, दोन वाजता दुसरा, तरी तो हिशेबात येतो. मधेच बेल वाजली तर सेट तिथेच सोडायचा.

तिने चारच प्रकार धरले. बिनचाकाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. भिंतीला हात लावून दंड. पाठ सरळ ठेवून, नितंब मागे ढकलत कमरेतून वाकणं, हातात स्वतःची सॅक आणि सॅकेत पाण्याच्या १ लिटरच्या दोन बाटल्या. आणि तसंच वाकलेलं राहून सॅक पोटाकडे ओढणं. एका ब्रेकला एकच प्रकार, ८ ते १० वेळा. आणखी दोन-तीन जमल्या असत्या असं वाटतानाच थांबायचं. एका रात्रीत प्रत्येक प्रकाराचे दोन सेट, आणि मधे एक रात्र सुट्टी.

खरी मेख पुढे आहे. तेच दहा दंड वर्षभर मारत राहिलीस तर शरीर त्याला सरावतं आणि ताकद तिथेच थांबते. १२ सहज जमायला लागले की तिने भिंत सोडून कमरेएवढ्या मजबूत कठड्यावर हात ठेवले. सॅकेत तिसरी बाटली आली. खुर्चीवरून उठताना तीच सॅक छातीशी धरायला लागली. खाली जमिनीवर मात्र ती कधीच टेकली नाही. वॉर्डबाहेरची फरशी म्हणजे काय काय असतं ते तुला मी सांगायला नको. पायात पट्टा नसलेली सपाता नको, आणि कठड्याला हात लावलास की पेशंटकडे जाण्याआधी हँडरब.

पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात मंद असतं. तेव्हा एकदा उपाशीपोटी केलं आणि तिला गरगरलं. तेव्हापासून ती सेट मध्यरात्रीच्या आसपासच उरकते आणि डब्यात उसळ किंवा अंडी नेते. घरी जाऊन झोपायच्या तोंडावर जोराचा व्यायाम तिला मानवला नाही, तूही टाळ.

दोन-अडीच महिन्यांनी तिला फरक कळला तो आरशात नाही. बेड बनवताना मधे कमरेवर हात ठेवून उभं राहणं बंद झालं होतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. या ताकदीच्या भरवशावर ८० किलोचा पेशंट एकटीने ओढू नकोस. ते काम व्यायामाने सुरक्षित होत नाही. बेडची उंची आपल्या कमरेपर्यंत आणायची, पेशंटखाली चादर घालायची, दुसऱ्या बाजूला मावशी किंवा वॉर्डबॉयला उभं करायचं आणि दोघांनी मिळून सरकवायचं. मावशी येईपर्यंत थांबावं लागलं तर थांबायचं.

तुझी कंबर ‘धरते’ म्हणजे नेमकं काय, हे पत्रातून कळत नाही. कळ गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव, उठाबशा नंतर. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा जांघेच्या आसपास बधिर वाटलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कॅज्युअल्टी गाठ.

राहिलं हसण्याचं. बहिणीला पहिल्यांदा हसली ती तिचीच जोडीदार सिस्टर. नातेवाईकही बघतात, म्हणून तिने जागा बदलली: लिफ्टसमोरून लिनन रूमच्या कोपऱ्यात, जिथून बेल ऐकू येते. इनचार्जला आधीच सांगून ठेवलं, ‘दोन मिनिटं त्या कोपऱ्यात असते.’ जोडीदारही आता भिंतीवर दंड काढते, म्हणून दोघी आळीपाळीने जातात. वॉर्डात एकजण लागतेच.