सणाच्या विक्रीवर चालणाऱ्या दुकानाचं मासिक बजेट

वर्षाचं बजेट बाराने भागतो, पण बरीच विक्री सणातच होते. महिन्यांत वाटणी कशी करू?

मागच्या तीन वर्षांत प्रत्येक महिन्याचा एकूण विक्रीत किती टक्के वाटा होता, त्याची सरासरी काढून ती नव्या लक्ष्याला लावा. लक्ष्य ६० लाख असेल तर बाराने भागून दरमहा ५ लाख येतात. पण २० टक्के वाट्याच्या सणाच्या महिन्याला १२ लाख आणि ४ टक्क्यांच्या मंद महिन्याला २.४ लाख धरायला हवेत. तिथीमुळे सण दुसऱ्या महिन्यात गेला असेल, तर त्या आठवड्यांची विक्रीही तिकडे हलवा. माझ्या मते सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

खर्चाला मात्र ही टक्केवारी सरसकट लावू नका. भाडं दरमहा तेवढंच असतं, आणि सणाच्या मालाचे पैसे महिनाभर आधी द्यावे लागत असतील तर खरेदी त्या आधीच्या महिन्यात मांडा.