दोन दिवस थांबवलेलं ऑपरेशन

मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घर गुहागरजवळ. बालरोग वॉर्डच्या पोस्टिंगमध्ये दोन बाळं पाहिली. एक पाच आठवड्यांचं, सारखं उलट्या करणारं. ऑपरेशन लागणार हे पहिल्याच दिवशी ठरलं, तरी दोन दिवस नुसतं सलाईनवर ठेवलं. दुसरं आठ महिन्यांचं, त्याला मात्र तासाभरात ॲम्ब्युलन्सने कोल्हापूरला पाठवलं. पहिल्या बाळाची आजी माझ्यावर ओरडली, "पैशासाठी अडवून ठेवलंय." मला उत्तरच देता आलं नाही. लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डातच काम करायचंय, पण मला जमेल का? आधी नोकरी करू की एम.एस्सी.?

*

आजीला काय सांगायचं, ते आधी बघू. नोकरीचं नंतर.

पहिल्या बाळाला पायलोरिक स्टेनोसिस होता. जठरातून दूध आतड्यात जातं त्या तोंडाशी, म्हणजे पायलोरसला, स्नायूचं कडं असतं. ते जाड होत जातं आणि वाट बंद होते. साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या वयात हे दिसतं, मुलग्यांमध्ये बरंच जास्त. पाजल्यावर थोड्याच वेळात दूध जोरात, लांब फेकलं जातं, आणि ओकून झालं की बाळ लगेच पुन्हा भुकेने तोंड शोधतं. ही भूक नीट लक्षात ठेव, पोट बिघडलेलं बाळ असं करत नाही. उलटीत दूध किंवा फाटलेलं दूध असतं, हिरवं पित्त कधीच नाही, कारण अडथळा पित्त मिसळण्याच्या आधीच आहे. हिरवी उलटी दिसली तर प्रकरण वेगळं आणि जास्त घाईचं, त्याच क्षणी डॉक्टरांना उठव.

पुस्तकात 'ऑलिव्हसारखी गाठ' लिहिलेलं असतं. आपल्याकडे ऑलिव्ह कुणी हातात धरलंय? लहान सुपारी समज, तेवढीच आणि तशीच टणक, बेंबीच्या वर किंचित उजवीकडे. बाळ रडत असेल तर पोट ताठ होतं आणि ती सापडत नाही. पाजताना, पाय थोडे दुमडून चाचपली तर सापडते. बॅटरीचा उजेड पोटावर तिरका धरलास तर जठराची लाट डावीकडून उजवीकडे सरकताना दिसेल. आता सोनोग्राफीने निदान पक्कं होतं, पण आपल्या तालुक्याच्या ठिकाणी मशीन दुपारी बंद झालेलं असू शकतं. डोळे आणि बोटं सोबतच असतात.

मग थांबवलं का? जठररसात आम्ल असतं. प्रत्येक उलटीसोबत आम्ल, क्लोराइड आणि पाणी जातं, रक्त अल्कधर्मी होतं. पाणी आणि सोडियम वाचवण्याच्या नादात मूत्रपिंडं पोटॅशियम घालवून बसतात. आपला श्वास चालू ठेवायला मेंदूला रक्तातल्या आम्लाची टोचणी लागते. ती कमी झालेली असताना भूल दिली तर नंतर बाळाचा श्वास थांबू शकतो. उलट त्या जाड कड्याचा रक्तपुरवठा तुटलेला नसतो, म्हणून दोन दिवस थांबल्याने तिथे काही सडत नाही. आधी रक्त जागेवर आणायचं, मग स्नायूला चीर द्यायची.

वॉर्डात हे कसं दिसतं, ते एका बाळाच्या आकड्यांवरून सांगते. आकडे मी धड्यासाठी घेतलेत, पण असेच असतात. जन्माचं वजन ३.१ किलो, पाच आठवड्यांनी ३ किलो. क्लोराइड ८४, पोटॅशियम २.९, बायकार्बोनेट ३६. टाळू खोल, लंगोट सकाळपासून जवळजवळ कोरडं. डॉक्टरांनी आधी किलोला २० मिली या हिशेबाने ६० मिली नॉर्मल सलाईन दिलं. पुढे डेक्स्ट्रोज-सलाईन नेहमीच्या दीडपट. ३ किलोच्या बाळाला दिवसाला ३०० मिली लागतं, दीडपट ४५०, म्हणजे तासाला सुमारे १९ मिली. पंप नसेल तर मायक्रोड्रिप सेटवर मिनिटाला १९ थेंब, कारण ६० थेंबांचा १ मिली होतो.

पोटॅशियम मात्र लघवी सुरू झाल्यावरच घालायचं. कोरडं लंगोट १८ ग्रॅम, चार तासांनी ओलं ३० ग्रॅम. १२ ग्रॅम म्हणजे १२ मिली, तासाला ३. किलोला १ मिली झाली, आता डॉक्टर पोटॅशियम लिहू शकतात. ते बाटलीत मिसळून, बाटली नीट हलवून हळू जायला हवं. शिरेत थेट पोटॅशियम कधीच नाही, त्याने हृदय थांबतं. या बाळाचं ऑपरेशन कधी ठरणार हे तुझ्या त्या लंगोटाच्या वजनावरही अवलंबून आहे. ते अंदाजाने लिहिणारी सिस्टर मी पाहिली आहे, त्यामुळे हे जरा कडक आवाजात सांगते.

तोंडाने काही नाही. राइल्स ट्यूब उघडी सोडायची, जे येईल ते मोजायचं, कारण तेवढं वेगळं भरून द्यावं लागतं. डोकं थोडं उंच, बाळ कुशीवर. साखर वेळोवेळी बघायची, उपाशी तान्ह्याची ती पटकन उतरते. आणि आजीवर लक्ष. भुकेलं बाळ रडतं तेव्हा पदराखालून बाळगुटी चाटवली जाते, दुष्टपणाने नव्हे, जीव तुटतो म्हणून. आईला तिचं दूध पिळून साठवायला सांग, ऑपरेशननंतर काही तासांतच ते लागणार आहे.

आपल्या या बाळाचं दीड दिवसाने क्लोराइड १०१, बायकार्बोनेट २७, पोटॅशियम ३.८ झालं. क्लोराइड शंभराच्या वर आणि बायकार्बोनेट तिशीच्या खाली आलं की भूलतज्ज्ञ तयार होतात.

आठ महिन्यांच्या बाळाचं घड्याळ वेगळं. इंटससेप्शनमध्ये आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो, दुर्बिणीची नळी नळीत सरकावी तसा, आणि आपल्यासोबत रक्तवाहिन्याही ओढतो. तासागणिक आतडं मरू शकतं. बाळ एकाएकी किंचाळतं, गुडघे पोटाशी घेतं, पांढरंफटक पडतं, मग दहा-पंधरा मिनिटं शांत झोपतं. त्या शांततेत तपासलं तर 'वायू असेल' म्हणून घरी पाठवलं जातं. आई म्हणाली की पुन्हा पुन्हा तसंच होतंय, तर तिचं ऐक. रक्त आणि शेम मिसळलेली, करवंदाच्या जॅमसारखी शी उशिरा येते. तिची वाट बघत बसायचं नसतं.

तिथे व्हेन, द्रव, राइल्स ट्यूब, रक्तगटाचा नमुना, बाळ उबदार ठेवणं हे सगळं अर्ध्या तासात व्हावं लागतं. कारण गुदमार्गाने हवा किंवा सलाईन भरून आतडं परत सरकवायचं, तर शेजारी सर्जन आणि ऑपरेशनची तयारी लागते. तशी सोय जवळ नसली की घाट चढावाच लागतो. गाडीत ट्यूब उघडी आणि मोजमापाचा कागद बाळासोबत. पोट ताठ, फुगलेलं आणि ताप असेल तर आतडं फुटल्याची शंका, मग हवा भरायची नाही, सरळ ऑपरेशन. आणि बाळाने मध्येच नेहमीसारखी पिवळी-तपकिरी शी केली तर लगेच कळव. आतडं आपोआप सुटलेलं असू शकतं, पुन्हा सोनोग्राफी करून ऑपरेशन टळतंही.

आता नोकरीचं. आधी नोकरी कर. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.ला एक वर्षाचा अनुभव मागतातच. तो जनरल वॉर्डात न घालवता जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात किंवा बालशस्त्रक्रिया असलेल्या मोठ्या रुग्णालयात मिळव. तान्ह्याच्या शिरेत व्हेन लावायचा हात तिथेच बसतो. मग चाइल्ड हेल्थ नर्सिंग घे. जमेल का, हे मला पत्रावरून कळणार नाही. शेवटच्या वर्षी पुन्हा पोस्टिंग लागली की एका बाळाचं चोवीस तासांचं आत-बाहेरचं गणित कुणी न सांगता पूर्ण लिहून बघ, आणि दुसऱ्या दिवशी कंटाळा आला का तेही बघ.

आजी पुन्हा भेटल्या तर त्यांच्या शेजारी बसून सांग, "आजी, ओकून ओकून बाळाचं रक्त बिघडलंय. आत्ता भूल दिली तर श्वास थांबेल. सलाईनने रक्त सुधारतंय, उद्या सकाळी परत तपासू. ही त्याच्या लघवीची वही, तुम्हीच बघा वाढतेय की नाही."