‘महागाई घटली’ म्हणजे नेमके काय घटले?

प्रश्न: बातम्यांत ‘महागाई घटली’ म्हणतात आणि त्याच संध्याकाळी दादरला कोथिंबिरीची जुडी गेल्या महिन्यापेक्षा महाग मिळते. मग ‘महागाई घटली’ हे मराठी चूक म्हणायचे का? आणि महागाई, भाववाढ, चलनवाढ हे एकच का?

माझ्या मते बहुतेक वेळा चूकच आहे. ती कुठे आहे हे कळण्यासाठी शब्दाच्या शेपटीकडे बघू. ‘महाग’ हा संस्कृत ‘महार्घ’वरून आलेला शब्द, आणि ‘अर्घ’ म्हणजे मोल. त्याला ‘आई’ प्रत्यय लागला की स्थिती सांगणारे नाम तयार होते. स्वस्ताई, नवलाई, ढिलाई ही त्याच घरची. ‘भाववाढ’, ‘दरवाढ’, ‘पगारवाढ’ यांच्या शेवटी मात्र ‘वाढ’ आहे, म्हणजे हे शब्द चालू असलेला बदल सांगतात. जिना चढणे आणि तिसऱ्या मजल्यावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चढण्याचा वेग कमी झाला म्हणून कुणी दुसऱ्या मजल्यावर येत नाही.

बोलण्यात ‘महागाई’ हा शब्द नेहमी मजल्यासाठीच वापरला गेला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या ‘महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती’च्या नावाने. त्यांचा राग वाढीच्या वेगावर नव्हता, तेल-साखर हाताबाहेर गेली यावर होता. याहून पक्का पुरावा ‘महागाई भत्ता’ या शब्दात आहे. केंद्र सरकारी नोकरांचा हा भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी किती उंचीवर आहे ते पाहून ठरतो. वाढीचा दर सहावरून चारवर आला तरी भत्ता खाली येत नाही, कारण भाव खाली आलेले नसतात. तिथे ‘महागाई’चा अर्थ अजून शाबूत आहे.

आता दर महिन्याच्या आकड्याकडे येऊ. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास जो टक्का जाहीर करते, तो गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढलेला असतो. त्याला कारणही चांगले आहे. पावसाळ्यात पालेभाजी महागतेच, हिवाळ्यात उतरतेच. जूनशी जुलैची तुलना केली तर ऋतूच मोजला जाईल. पण आपली घरखर्चाची वही गेल्या महिन्याशी तुलना करते, आणि गफलत इथेच होते.

जुलै २०२४चे उदाहरण घ्या. पहिल्या जाहीर आकड्यांनुसार जूनचा दर ५.०८ टक्के होता, जुलैचा ३.५४ टक्के. ‘महागाई घटली’ म्हणायला याहून चांगला मुहूर्त नाही. पण त्यामागचा निर्देशांक, म्हणजे २०१२चे भाव १०० धरून काढलेला आकडा, पाहा: जून २०२४मध्ये तो १९०.२ होता, जुलैत १९२.९ झाला. म्हणजे एका महिन्यात भाव जवळजवळ दीड टक्क्याने चढले. मग दर घटला कसा? त्याचे उत्तर २०२३च्या जुलैत आहे. त्या महिन्यात टोमॅटोने सगळ्यांना रडवले होते आणि निर्देशांक १८१वरून थेट १८६.३वर गेला होता. जून २०२४ची तुलना १८१शी झाली, जुलै २०२४ची १८६.३शी. ज्या पायरीवरून मोजायचे तीच उंच झाली, म्हणून चढ कमी दिसला. यालाच बेस इफेक्ट म्हणतात. त्या दिवशीचे बरोबर मराठी वाक्य ‘भाववाढीचा वार्षिक दर घटला’ एवढेच होते. कोथिंबीर महाग मिळालेली बाई आणि बातमी देणारा माणूस, दोघेही खरेच बोलत होते. शब्द तेवढा चुकला होता.

उलट उदाहरणही सांगायला हवे, नाहीतर ‘महागाई कधीच घटत नाही’ असा समज व्हायचा. ऑक्टोबर २०२४मध्ये भाज्या वर्षभरात ४२.१८ टक्क्यांनी चढल्या होत्या. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच २७.५७ टक्क्यांनी उतरल्या. इथे ‘भाज्या स्वस्त झाल्या’ हे वाक्य अगदी योग्य. तरी पिशवीचा हिशेब मांडून बघा. ऑक्टोबर २०२३ला १०० रुपयांची भाजी वर्षाने १४२ रुपयांची झाली. त्या १४२मधून २७.५७ टक्के, म्हणजे साधारण ३९ रुपये, वजा केले की उरतात १०३. भाजी खरेच उतरली, पण उतरून दोन वर्षांपूर्वीच्याच जागी आली. ‘उणे साडेसत्तावीस’ ऐकून पिशवी तेवढी हलकी होईल असे वाटणारा फसतो, कारण चढताना टक्का १००वर बसला आणि उतरताना १४२वर.

स्वयंपाकघर आणि बातमी यांत आणखी एक अंतर राहते, ते वजनाचे. निर्देशांकात प्रत्येक गोष्टीला देशभरच्या घरखर्चातला तिचा वाटा दिलेला असतो. २०१२च्या मालिकेत भाज्यांचा वाटा होता शंभरात ६.०४. समजा भाज्या ३० टक्क्यांनी चढल्या आणि बाकी काहीच हलले नाही, तर एकूण आकडा जेमतेम १.८ टक्क्यांनी वर जाईल. आता ज्या घरात स्वयंपाकघराचा महिन्याचा खर्च १५,००० आणि त्यातली भाजी ३,००० रुपयांची, तिथे तीच वाढ ९०० रुपयांची, म्हणजे स्वयंपाकघरापुरती ६ टक्के. घरभाडे, कपडे, औषधे, फोनचे बिल एकूण आकड्यात मिसळतात. भाजीच्या पिशवीत मिसळत नाहीत. म्हणून घरासाठी बघायचा असेल तर ‘एकूण’ ओळ सोडून खाद्यपदार्थांची ओळ बघावी, आणि दराबरोबर निर्देशांकही बघावा. मी वहीत आमच्या भाजी-किराण्याच्या महिन्याच्या बेरजेसमोर गेल्या महिन्याची आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची बेरीज लिहिते. दोन्ही शेजारी असल्या की बातमी कुठल्या रकान्याबद्दल बोलते आहे ते लगेच कळते.

‘चलनवाढ’ राहिले. हा शब्द मुळात कारणाचे नाव आहे, बाजारात पैसा वाढणे. अर्थशास्त्राच्या मराठीत तो परिणामालाही लावला जातो आणि तिथे तो रुळला आहे, त्याला माझी हरकत नाही. पण पावसाने टोमॅटो सडला आणि भाव चढला तर त्याला चलनवाढ म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण तिथे वाढलेले काही असेल तर तो फक्त भाव. मी तिथे ‘भाववाढ’च लिहीन, चढलेल्या भावात महिना काढावा लागतो त्याला ‘महागाई’ म्हणेन, आणि निर्देशांकाचा आकडाच खाली येईल तेव्हा ‘महागाई घटली’ असे लिहीन.